भट्टी उघडायची तारीख आधी विचार

तुझा मेसेज वाचला, कुंभारकाकांवर आठ मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची म्हणतोयस आणि कॅमेरा कुठला घेऊ असं विचारलंयस. जो हाताशी आहे तो घे, त्यावर मी जास्त बोलणार नाही, कारण खरा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. तुझ्या प्लॅनमध्ये आधी माती मळणं, मग चाक, मग वाळवणं, मग भट्टी असा क्रम आहे आणि त्यालाच तू गोष्ट म्हणतोयस. तो नुसता क्रम झाला. माती कशी मळतात हे बघून पुढे काय होणार असं कुणाला वाटत नाही.

गोष्ट कुठे सुरू होते तर जिथे काहीतरी बिघडू शकतं तिथे. कुंभारकामात ती जागा म्हणजे भट्टी. आठवडाभर केलेलं सगळं काम आत जातं, दार लिंपून बंद होतं आणि मग काकांच्या हातात फार थोडं उरतं. मडक्यात ओल राहिली असेल आणि आच भराभर वाढवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि मडकं फुटतं, म्हणून सुरुवातीला आच अगदी मंद ठेवतात. भट्टी गरम असतानाच उघडली तर गार हवा लागून तडे जातात, म्हणून उघडायचीही घाई करता येत नाही. म्हणजे तुझ्या फिल्मचा प्रश्न तयारच आहे: यातली किती मडकी धड बाहेर येणार? हा प्रश्न पहिल्या मिनिटात बघणाऱ्याच्या मनात पडला पाहिजे आणि उत्तर सातव्या मिनिटापर्यंत मिळायला नको. मधलं सगळं, माती, चाक, वाळवणं, मग आपोआप त्या उत्तराच्या वाटेवरचं होतं.

आता प्लॅन उलटा कर. काकांना विचार भट्टी कधी उघडणार, तो दिवस पक्का धर आणि तिथून मागे मोजत ये. मडकी वाळायला किती दिवस लागतील हे हवेवर असतं, त्यामुळे तारीख तू ठरवायची नाही, काका ठरवणार आणि ती पुढेमागे होणार हे धरूनच बाकीचे दिवस मोकळे ठेव. चाकावरचं काम हुकलं तर दुसऱ्या दिवशी परत शूट करता येतं, भट्टी उघडणं परत होत नाही. हे मी स्वतः चुकून शिकलोय. एका शूटला सकाळी पोचलो तर भट्टी पहाटेच उघडून झाली होती, मडकी अंगणात मांडून ठेवलेली, मी परत दोनचार मडकी आत ठेवून बाहेर काढायला लावली आणि एडिटला बसल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कारण त्याला निकाल माहीत होता. तो सीन शेवटी टाकून द्यावा लागला.

इंटरव्ह्यू दोन भागांत घे. पहिला, मोठा, सगळ्या शूटच्या आधी, साधारण ४० मिनिटं, आणि त्या दिवशी दुसरं काही शूट करू नकोस. चाक बंद असू दे, पंखा बंद, माईक छातीपाशी, तू कॅमेऱ्याला चिकटून बस म्हणजे काकांची नजर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ राहील. तुझा आवाज फिल्ममध्ये नसणार, म्हणून त्यांना आधीच सांग की काका, उत्तरात माझा प्रश्न धरून बोला. "भट्टीत कधी नुकसान झालंय का?" असं विचारलंस तर "हो, झालंय की" एवढंच मिळेल आणि ते एडिटमध्ये उभं राहत नाही. त्याऐवजी "सगळ्यात वाईट भट्टी लागली तो दिवस सांगा, सकाळपासून" असं विचार. आणि उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, चार-पाच सेकंद गप्प बस, बऱ्याचदा खरं वाक्य त्यानंतर येतं. उठायच्या आधी सगळ्यांना शांत बसवून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड कर, वाक्यं कापून जोडताना मधल्या फटी त्यानेच बुजतात.

घरी येऊन तो इंटरव्ह्यू शब्दन् शब्द लिहून काढ. कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस. आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये बोलणं साधारण चारच मिनिटं चांगलं वाटतं, बाकी काम आणि आवाजांना मोकळं सोडायचं, म्हणजे चाळीस मिनिटांतलं दहावा हिस्साच वापरायचंय. ती वाक्यं कागदावर अधोरेखित कर आणि प्रत्येकाच्या शेजारी लिही की हे ऐकताना डोळ्यासमोर काय हवं. हीच तुझी कटअवेची यादी, म्हणजे बोलणं ऐकू येत असताना चेहऱ्याऐवजी दाखवायच्या शॉटची. समजा काका म्हणाले, "वाळलंय का ते मी गालाला लावून बघतो, गार लागलं की अजून ओल आहे." आता तुला नक्की कळलं काय शूट करायचं: मडकं गालाला लावलेला क्लोजअप, मडकं परत खाली ठेवणारा हात, मागे वाळत ठेवलेली पूर्ण रांग. इंटरव्ह्यू नंतर घेतला असतास तर हे तुला सुचलंच नसतं आणि फिरत्या चाकाचे तीस शॉट घेऊन आला असतास, सगळे सारखेच.

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हलवू नकोस. एका कामाचे हात, चेहरा, लांबून पूर्ण जागा आणि काकांच्या खांद्यावरून, एवढे तरी घे म्हणजे ते काम एडिटमध्ये छोटं करता येतं. चार मिनिटांच्या बोलण्यातलं बहुतेक झाकायचं आणि एक शॉट पाचेक सेकंद टिकतो धरलं तर चाळीस-पन्नास चांगले शॉट लागतात, म्हणजे शूट त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण ते वाईट भट्टीचं बोलत असतील तेव्हा कटअवे टाकू नकोस, तिथे चेहराच दिसू दे.

भट्टीच्या दिवशी दार फोडायच्या आधीपासून कॅमेरा चालू असू दे आणि मडक्यांवर नाही, काकांवर धर. मडकी नंतरही तिथेच असणार आहेत. ते एकेक मडकं बोटाने वाजवून बघतील, धड असेल तर टणक वाजतं, तडा असेल तर बद्द, माईक तिथे जवळ हवाच. पहिल्या मिनिटात त्यांनी कच्चं मडकं हातात धरलेलं दाखवलं असशील तर ओळखता यावं म्हणून त्याच्यावर एखादी खूण करून घे आणि तेच मडकं इथे शोध, फुटलेलं निघालं तरी तेच दाखव. मग दुसरा इंटरव्ह्यू तिथेच, उभ्याउभ्या, दहा मिनिटांचा, हाताला राख असतानाच. एकच विचार: "काका, उघडायच्या आधी काय वाटत होतं?"

तारीख कळली की मला कळव, आणि पहिल्या इंटरव्ह्यूचं लिहून काढलेलं आधी पाठव, चाकाचं शूट त्यानंतरच ठरवू.