संवादात ‘म्हणाली’ पुन्हा पुन्हा आले तर आले

प्रश्न: कथेत दोन-तीन माणसं बोलत असली की प्रत्येक वाक्यानंतर ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ लिहावं लागतं आणि ते कंटाळवाणं होतं. काय करावं? विरामचिन्हं कशी द्यावीत?

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या नणंद-भावजयीच्या कथेतील प्रत्येक ‘म्हणाली’ खोडून तेथे ‘उद्गारली’, ‘पुटपुटली’, ‘कडाडली’ अशी क्रियापदे घातली होती, कारण पुनरुक्ती कानाला खटकते असे त्यांचे मत होते. माझे मत तेव्हाही उलट होते आणि आजही आहे: ‘म्हणाली’वरून वाचकाची नजर न अडखळता पुढे सरकते, तर ‘कडाडली’पाशी ती थांबते आणि बोललेले वाक्य मागे पडते.

त्याहून मोठा घोटाळा त्यांनी परिच्छेद जोडून केला. छापून आले ते असे:

“किल्ली माझ्याकडेच राहू दे.” वत्सलाने पदराला हात पुसले. “आईंना विचारलंस का?”

पहिले वाक्य सुमनचे होते, पण कृती वत्सलाची असल्यामुळे वाचक दोन्ही वाक्ये तिलाच देतो. माझ्या हस्तलिखितात वत्सलाच्या कृतीपासून नवा परिच्छेद होता:

“किल्ली माझ्याकडेच राहू दे.”

वत्सलाने पदराला हात पुसले. “आईंना विचारलंस का?”

ज्याची कृती त्याचेच बोलणे त्या परिच्छेदात ठेवले, तर ‘म्हणाली’ची गरज आपोआप कमी होते. मात्र प्रत्येक वाक्याला हात पुसणे, खिडकीबाहेर पाहणे जोडू नये. त्या कृतीने प्रसंगात काही बदलत नसेल, तर साधे ‘म्हणाली’ बरे.

विरामचिन्हेही यावरूनच ठरतात. “उद्या येते,” सुमन म्हणाली, येथे स्वल्पविराम हवा, कारण वाक्य पुढे चालू आहे. “उद्या येते.” सुमन हसली, येथे पूर्णविराम हवा, कारण हसणे म्हणजे बोलणे नव्हे. अवतरणात प्रश्नचिन्ह आले असेल, तर त्यापुढे पुन्हा स्वल्पविराम देऊ नये.

मराठीत आणखी एक सोय आहे. स्त्री आणि पुरुष बोलत असतील, तर ‘मी निघते’ आणि ‘मी निघतो’ यांतूनच बोलणारा कळतो. पण ‘मी सांगितलं’ यातून तो कळत नाही, आणि दोघीही स्त्रिया असल्या तर ही सोय संपते. तेथे ‘वन्सं’, ‘वहिनी’ ही संबोधने उपयोगी पडतात, पण दर वाक्याला ती घातली तर नाटकी वाटतात. संपादकांनी माझी संबोधनेही अनावश्यक म्हणून काढली होती, म्हणजे वाचकाच्या हाती उरलेला शेवटचा धागाही तोडला होता.

कोल्हापूरकडच्या कथेत मात्र क्रियापदावर विसंबू नये, कारण तिकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात. तिसरे पात्र बोलू लागले की त्याच्या पहिल्या वाक्याला नाव जोडावेच, मग संपादक काहीही म्हणोत.