पोत्यातल्या कपड्यांतून हप्ता निघणार नाही

प्रश्न: सर, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी पाच वर्षांची आहे, नोव्हेंबरचा जन्म. तिचे लहान झालेले कपडे आणि खेळणी यांची तीन पोती भरली आहेत. बिलं जोडली तर सव्वा लाख होतात, म्हणजे विकून ४० हजार तरी यावेत. बार्शीच्या नणंदेला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे, सासूबाई म्हणतात सगळं तिलाच दे. थोडं दान करावं असंही मनात आहे. काय द्यावं, काय विकावं? आलेले पैसे मुलीच्या नावच्या पॉलिसीला लावायचे आहेत. वर्षाला ४८ हजार असे १५ वर्षं भरायचे आणि पॉलिसीच्या विसाव्या वर्षी १३ लाख मिळणार. दोन हप्ते भरलेत, तिसरा जूनमध्ये आहे. मिस्टर एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचा वेगळा विमा नाही.

उत्तर: ताई, ४० हजार विसरा. बाबागाडी, तिचाकी सायकल, जेवणाची उंच खुर्ची अशा मोठ्या वस्तू चालू स्थितीत असतील तर त्यांचे मिळून तीन-साडेतीन हजार येतील. लग्नकार्यात एकदाच घातलेले दोन-चार फ्रॉक शे-दीडशेला जातील. बाकीच्या कपड्यांना कोणी नगाला तीस-चाळीस रुपयांवर देत नाही. बोहारणीलाही साड्या आणि पँटी हव्या असतात, झबल्यांवर ती पातेलं देणार नाही. सगळं मिळून पाच हजार धरा. तेवढ्यासाठी महिनाभर फोटो काढत, घासाघीस करत बसू नका. मोठ्या वस्तू विका आणि कपडे विक्रीतून काढून टाका. दान केलेल्या कपड्यांवर आयकरात सवलत मिळेल असं कुणी सांगितलं असेल तर तेही खरं नाही. त्या सवलतीला फक्त पैशाचं दान धरतात, वस्तूंचं नाही.

कपड्यांची खरी किंमत नणंदेच्या वाचणाऱ्या खर्चात आहे. ती मिळायची तर वाटणी नीट व्हायला हवी. लेबलवरच्या वयावर जाऊ नका. एका कंपनीचा ‘१-२ वर्षे’ दुसरीच्या ‘६-१२ महिने’एवढा निघतो. कपडा जमिनीवर पसरून खांद्यापासून खालपर्यंत टेपने मोजा आणि त्या मापाने ढीग करा. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, पुढे वर्षाला सहा-सात. म्हणून पहिल्या वर्षाचे कपडे दोन-तीन महिन्यांत लहान होतात आणि जवळजवळ नवे राहतात. तीन वर्षांनंतरचा फ्रॉक वर्षभर अंगावर असतो, त्याची कोपरं आणि शिवणी गेलेल्या असतात. तो उजेडात धरून पाहा. विरलेला असेल तर त्याचं फडकं करा, दानाच्या ढिगात टाकू नका. धड निघालेले मोठे कपडे दानाला द्या, पण संस्थेला आधी फोन करून कोणत्या वयाचे हवेत ते विचारा.

आता ऋतू पाहा, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. तुमची मुलगी नोव्हेंबरची आहे, तेव्हा तिचं लोकरीचं टोपडं आणि स्वेटर पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचे आहेत. नणंदेचं बाळ त्या मापात असेल एप्रिल ते जूनमध्ये, जेव्हा आपल्याकडे उकाडा असतो. त्या स्वेटरचा तिला काहीच उपयोग नाही. तिच्या बाळाला थंडी लागेल तेव्हा ते आठ-नऊ महिन्यांचं असेल. त्याला तुमच्या मुलीच्या दुसऱ्या हिवाळ्यातला, वर्षभराच्या मापाचा स्वेटर थोडा सैल पण चालेल. म्हणून लहान लोकरी कपडे दानाला काढा. मलमलची झबली, दुपटी, लंगोट आणि सगळे सुती कपडे मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर ते कोणत्या महिन्यात लागतील ते लिहा. पोत्यांत डांबरगोळ्या टाकल्या असतील तर देण्याआधी सगळं धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं. त्या वासाने अशा बाळाच्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. साठवणीला कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा.

खेळण्यांत भावना आणू नका. साधारण सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जाईल एवढा कुठलाही तुकडा तीन वर्षांखालच्या बाळाच्या घरी जाता कामा नये. बटणासारख्या चपट्या सेलचं खेळणं असेल आणि झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर ते कुणालाच देऊ नका. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गड्ड्याच्या जत्रेतली रंग उडालेली खेळणी दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात जातील, तीही बाजूला काढा.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पोती त्याच्यापुढे किरकोळ आहेत. तुमच्या घरात कमावतं माणूस एक आहे आणि विमा उतरवला आहे पाच वर्षांच्या मुलीचा. उद्या मिस्टरांना काही झालं तर हीच पॉलिसी चालू ठेवायला तुमच्याकडे पैसे नसतील. असं घर समोर दिसत असताना मुलीच्या नावचा कागद पुढे करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. एजंटने १३ लाख मोठ्याने सांगितले, पण ते वर्षाला साडेचार टक्के पडतात हे सांगितलं नाही.

जूनचा हप्ता भरू नका. दोन पूर्ण हप्ते गेलेत, तेव्हा पॉलिसी बहुधा पेड-अप होईल. म्हणजे पुढे काही न भरता शेवटी भरल्याच्या प्रमाणात रक्कम मिळेल. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा, आज मोडली तर किती आणि पेड-अप ठेवली तर शेवटी किती. मोडून ३० हजारांच्या आसपास येतील. वाईट वाटेल, पण ९६ हजार वाचवायला आणखी सव्वासहा लाख घालायचे नाहीत.

त्या ४८ हजारांची वाटणी अशी करा. मिस्टरांचा ५० लाखांचा साधा मुदत विमा साठाव्या वर्षापर्यंत घ्या. पस्तिशीच्या आत-बाहेर असतील आणि तंबाखू खात नसतील तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास पडेल. वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. तंबाखू खात असतील तर फॉर्मवर खरं लिहा, नाहीतर दावा अडकेल. उरलेले ३८ हजार पोस्टात मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात टाका. दहा वर्षांची व्हायच्या आत ते उघडता येतं. आजच्या ८.२ टक्के दराने, तुमच्या पॉलिसीचे उरलेले १३ हप्ते जेवढी वर्षं चालले असते तेवढी वर्षं भरलेत, तर पॉलिसी संपायच्या वर्षी खात्यात सव्वातेरा लाखांच्या जवळ असतील. दर तिमाहीला बदलू शकतो, तेव्हा लाखभर इकडेतिकडे धरा. एजंटचे १३ लाख तेवढेच झाले, आणि मधल्या सगळ्या वर्षांत घरामागे ५० लाख उभे राहिले. ही सुकन्या बचत मात्र अडकून राहते. मुलीच्या अठराव्या वर्षी शिक्षणाला निम्म्यापर्यंत काढता येतं, पूर्ण खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी.

मिस्टरांचा विमा हातात आल्याशिवाय मुलीची पॉलिसी मोडायला जाऊ नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ वैद्यकीय तपासणीला पुरतो. बाबागाडी आणि सायकलचे जे येतील ते सुकन्या खातं उघडताना टाका, आणि नणंदेच्या पिशव्या मार्चअखेर बार्शीला पोचतील असं बघा, कारण डिलिव्हरी पंधरा दिवस अलीकडेही होते.