लपवलेले कर्ज आणि पत्नीला लिहिलेले पत्र

प्रश्न : मी कराडला राहतो. बायकोला न सांगता कर्ज काढत गेलो आणि आता ते हप्त्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. समोर बसून सांगायचा धीर होत नाही. पत्र लिहून सांगितले तर चालेल का, आणि त्यात नेमके काय लिहावे?

पत्र चालेल, आणि तुमच्यासारख्या माणसाला ते बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण बोलताना पहिला प्रश्न येताच रक्कम कमी करून सांगण्याचा मोह होतो. कागदावर आकडा एकदा उतरला की तो बदलता येत नाही. सांगलीत माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या पत्राची हकीकत त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने सांगते. नावे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

हे गृहस्थ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर होते. पगार हातात ४२,००० रुपये येत असे. मोबाइलवर शेअर बाजारातील ऑप्शनचे व्यवहार करताना त्यांचा तोटा झाला, तो भरून काढण्यासाठी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, मग क्रेडिट कार्ड वापरले आणि शेवटी कपाटातील एक वस्तू गहाण टाकली. माझ्याकडे येताना त्यांनी पत्राचा कच्चा खर्डा आणला होता. पाच पानांपैकी चार पानांत आपण कसे अडकत गेलो याचे वर्णन आणि क्षमायाचना होती. शेवटच्या पानावर ‘साधारण दोन-अडीच लाखांचे देणे झाले आहे’ एवढेच एक वाक्य आणि त्याखाली ‘तू समजून घेशीलच’ असे लिहिले होते.

रकमेच्या मागे ‘साधारण’, ‘वगैरे’, ‘किरकोळ’ असे शब्द दिसले की अजून काहीतरी झाकलेले आहे, असे मी अनुभवाने धरून चालते. म्हणून मी त्यांना पत्र बाजूला ठेवायला सांगितले आणि आधी कागद गोळा करायला लावले. क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यात बँकांची कर्जे आणि कार्डे दिसतात. मात्र पतसंस्थेचे कर्ज त्यात दिसेलच असे नाही, आणि मित्राकडून घेतलेले हातउसने तर दिसणारच नाही. त्यामुळे पतसंस्थेचा खातेउतारा, कार्डाचे शेवटचे बिल आणि गहाणाची पावती वेगवेगळी आणावी लागली. सगळे टेबलावर मांडले तेव्हा आकडा अडीच लाखांचा नव्हे, तर ३,४८,००० रुपयांचा निघाला. खर्ड्यात न आलेल्या रकमेत पत्नीच्या पाटल्यांवर काढलेले सोनेतारण कर्ज होते.

‘पाटल्यांचे नंतर सांगतो, आधी एवढे पचू दे,’ असे ते म्हणाले. मी ते ठामपणे नाकारले. कर्जाची पहिली बातमी पत्नी बहुतेक वेळा सोसते. तीन महिन्यांनी दुसरी बातमी आली, तर पहिल्या कबुलीवरचाही तिचा विश्वास उडतो आणि त्यानंतर तुम्ही खरे सांगितले तरी ‘अजून काय राहिले आहे?’ हा प्रश्न तिच्या मनातून जात नाही. सांगायचे ते एकाच दिवशी, सगळे, आणि ज्याने तिला सर्वाधिक दुःख होणार आहे तेही त्यातच. या प्रकरणात ते दुःख रकमेचे नव्हते. पाटल्या तिच्या आईने दिलेल्या होत्या, आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीन तिचा सख्खा भाऊ होता, ज्याला ‘ताईला सांगू नकोस’ अशी गळ घातलेली होती.

तिसऱ्या खर्ड्यानंतर जे पत्र तयार झाले त्याचा मुख्य भाग असा होता :

‘प्रिय वैशाली,

मी तुझ्यापासून ३,४८,००० रुपयांचे कर्ज लपवले आहे. या रकमेत मला माहीत असलेले सर्व देणे आले आहे आणि प्रत्येकाचा कागद या पत्राला जोडला आहे. पतसंस्थेचे १,८६,००० रुपये शिल्लक आहेत, व्याज वर्षाला १४ टक्के आणि हप्ता ६,००० रुपये. क्रेडिट कार्डाचे ७२,००० रुपये आहेत. तुझ्या पाटल्या मी गेल्या मार्चमध्ये तुला न विचारता बँकेत ठेवून ९०,००० रुपये घेतले आहेत. त्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपते आणि तेव्हा व्याजासह ९८,१०० रुपये भरावे लागतील. पाटल्या लॉकरमध्ये आहेत असे मी तुला दोनदा सांगितले, ते खोटे होते.

पतसंस्थेला संतोष जामीन आहे. मी त्याला तुला सांगू नकोस म्हटले होते, म्हणून त्याने सांगितले नाही. त्यात दोष माझा आहे. तुझी सही कोणत्याही कागदावर नाही. आपल्या दोघांखेरीज नात्यात हे फक्त त्याला माहीत आहे.

हा पैसा शेअर बाजारात गेला. ते व्यवहार मी बंद केले आहेत आणि ब्रोकरकडे ऑप्शनचा विभाग बंद करण्याचा अर्ज दिल्याची नोंदही जोडली आहे. दरमहा घरखर्चाला २४,०००, विमा आणि चिऊचे रिकरिंग मिळून ४,०००, माझा प्रवास आणि फोन ५,००० एवढे गेल्यावर माझ्याकडे ९,००० उरतात, आणि हप्ता व कार्डाचे किमान बिल मिळून ९,६०० लागतात. ते ६०० मी पुन्हा कार्डावरूनच भागवत होतो.

मी सुचवतो ते असे आहे. मोटारसायकल विकून येणारे ५०,००० आणि दिवाळीच्या बोनसचे २२,००० मिळून कार्ड पूर्ण फेडायचे आणि बंद करायचे. मी कंपनीच्या बसने जाईन, त्यामुळे महिन्याला २,००० वाचतील. मग हप्ता भरून दरमहा ५,००० शिल्लक राहतील. ते मार्चपर्यंत साठवून पाटल्यांचे व्याज आणि थोडी मुद्दल भरायची, उरलेल्या ७३,१०० चे बँकेकडून एक वर्षाचे नूतनीकरण करून घ्यायचे आणि दरमहाचे ५,००० व पुढच्या दिवाळीचा बोनस मिळून त्यापुढच्या मार्चमध्ये पाटल्या सोडवायच्या. त्यानंतर तेच ५,००० पतसंस्थेकडे वळवले तर सगळे कर्ज २९ महिन्यांत संपेल. हा माझा हिशेब आहे, ठरलेली गोष्ट नव्हे. तुला यात काय बदलायचे असेल ते बदल. आज काही उत्तर देण्याची गरज नाही.’

या पत्रात माफी एकदाच, अगदी शेवटी आणि दोन ओळींत होती. ती लांबली की वाचणाऱ्या बाईवर सांत्वन करण्याची जबाबदारी येऊन पडते, आणि तिचा राग योग्य असूनही तिलाच अपराध्यासारखे वाटू लागते. कारणे त्याहूनही कमी ठेवली होती. ती तिला हवी असतील तर ती विचारेल.

कार्ड आधी फेडण्याचा निर्णय मी तपासून पाहिला होता. त्यांच्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज होते, म्हणजे ७२,००० वर २,५२०, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २,९७४ रुपये. किमान बिल ३,६०० भरले तरी मुद्दल महिन्याला सहाशे-सव्वासहाशेनेच कमी होणार आणि तेवढेच पुन्हा कार्डावर खर्च होणार, त्यामुळे वर्षभर पैसे भरूनही देणे जागच्या जागी राहत होते. सोन्यावरचे ९ टक्के व्याज त्यामानाने सौम्य होते, पण तिथे मुदत चुकली तर बँक नोटीस देऊन लिलाव करू शकते, म्हणून मार्चची तारीख पत्रात लिहिणे आवश्यक होते.

पत्र त्यांनी रविवारी सकाळी, मुलगी आजीकडे असताना, हातात दिले आणि ते शेजारच्या खोलीत बसून राहिले. पत्र टेबलावर ठेवून कामावर निघून जाण्याचा त्यांचा पहिला विचार होता, तो मी बदलायला लावला, कारण अशा वेळी एकटी सोडलेली बाई पहिला फोन माहेरी करते, आणि इथे तर माहेरचा भाऊच जामीन होता. म्हणून संतोषला त्यांनी आदल्या संध्याकाळी भेटून सांगितले होते की उद्या मी सगळे सांगणार आहे. तुमच्याकडेही कोणी जामीन असेल तर हे विसरू नका. कर्ज थकले तर जामीनदारही कर्जदाराइतकाच देणेकरी ठरतो आणि पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढून त्याच्याकडूनही रक्कम वसूल करू शकते. सही न केलेल्या पत्नीवर मात्र केवळ पत्नी म्हणून ती जबाबदारी येत नाही.

वैशालीताई दोन दिवस नवऱ्याशी कामापुरतेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता : भावाला सांगितले, मग मला का नाही? त्याचे समाधानकारक उत्तर त्या गृहस्थांकडे नव्हते आणि ते देण्याचा त्यांनी आव आणला नाही. त्यानंतर दोघे माझ्याकडे आले. ताईंनी पत्राच्या मागच्या बाजूवर स्वतःचा हिशेब मांडून आणला होता. मोटारसायकल विकणे त्यांना मान्य होते. पाटल्या मात्र दीड वर्ष बँकेत राहू द्यायला त्या तयार नव्हत्या. मुलीचे रिकरिंग मार्चमध्ये मोडून येणारे ३६,००० आणि साठलेले २५,००० एकदम भरायचे, म्हणजे उरतात ३७,१००. रिकरिंगचे २,००० ही मोकळे झाल्यामुळे दरमहा ७,००० भरता येतील आणि पाटल्या सप्टेंबरमध्ये हातात येतील, असे त्यांचे गणित होते. ते नवऱ्याच्या गणितापेक्षा चांगले होते, कारण सात टक्क्यांच्या ठेवीत पैसे ठेवून नऊ टक्क्यांचे व्याज भरण्यात अर्थ नव्हता. नवऱ्याने ते रिकरिंग हात लावण्यापलीकडचे मानले होते, एवढेच.

त्यांनी आणखी दोन अटी घातल्या. पगार जमा होणाऱ्या खात्याचे संदेश दोघांच्या फोनवर यावेत, आणि दर तीन महिन्यांनी पतसंस्थेचा खातेउतारा स्वतः संतोषला नेऊन दाखवावा. खर्चाची प्रत्येक पावती मागण्याचा विचारही त्यांच्या मनात होता, पण तो त्यांनी माझ्याशी बोलून सोडला. पावत्यांची चौकशी रोज भांडण घडवते आणि मोठे कर्ज त्यातून कधीच सापडत नाही. ते खात्याच्या संदेशांत आणि क्रेडिट अहवालात सापडते, म्हणून वर्षातून एकदा तो दोघांनी एकत्र काढावा असे ठरले.

पत्राचा मार्ग सगळ्यांसाठी नाही. वसुलीवाले किंवा खासगी सावकार घरी येण्याची धमकी देत असतील, तर आधी वकिलाचा किंवा पोलिसांचा सल्ला घ्यावा आणि पत्नीला त्याच दिवशी तोंडी सांगावे, कारण दारात अनोळखी माणूस उभा राहिल्यावर पत्राला काही अर्थ उरत नाही. जीव देण्याचे विचार मनात येत असतील, तर खर्डा तसाच राहू द्या आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर आत्ताच बोला.

यांपैकी काही नसेल तर आधी कागद जमवा. तुमच्या हप्त्यांची बेरीज पगारातून घरखर्च वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेपेक्षा कितीने जास्त आहे, तो आकडा काढा आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात एकूण देण्याशेजारी लिहा. तो आकडा मोठा असेल तर फेडीची योजना लिहिण्याआधी पतसंस्थेत किंवा बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते विचारा, आणि मिळालेले उत्तर, ते नकाराचे असले तरी, पत्रात जसेच्या तसे येऊ द्या.