चौथ्या धड्याच्या नोट्स आणि वजाचं चिन्ह

प्रश्न: क्लासच्या हाताने लिहिलेल्या नोट्सचे स्कॅन आलेत, बरीच पानं आहेत. सोबत फक्त "प्लीज नीट करून द्या" एवढंच. पानं मागेपुढे आहेत, काही ठिकाणी चूक वाटते. टाइप करताना कितपत बदल करायचे?

उत्तर:

चूक सुधारायची नाही, तिथे खूण करायची. यावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं अजून वाजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळव्याला आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षा जवळ आली की बारावी सायन्सची मुलं नोट्स घेऊन येतात. खारेगावच्या एका मुलीने मोबाइलवर स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली, खाली "काका, नीट करून द्या ना". पानं सुटी, क्रमांक नाहीत, आणि बहुतेक पानांवर मथळा एकच, "चॅप्टर ४, थर्मो". आता गंमत अशी की महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत फिजिक्सचा चौथा धडा थर्मोडायनॅमिक्स आहे आणि केमिस्ट्रीचाही चौथाच धडा केमिकल थर्मोडायनॅमिक्स. एकाच वहीतली पानं, एकच पेन, दोन विषय, आणि सगळी मिसळलेली.

क्रम लावणं त्यामानाने सोपं गेलं. सुटी पानं स्कॅन करताना मुलं आधी सगळ्यांची पुढची बाजू घेतात, मग अख्खा गठ्ठा उलटा करून मागची. त्यामुळे पीडीएफमध्ये पानं १, ३, ५, ७ आणि मग ८, ६, ४, २ अशी येतात. एकदा हे ओळखलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं वाक्य तोडलेलं असतं तिथून जुळतं. पानाच्या तळाशी "म्हणून गॅसचं" असं अर्धवट असेल तर पुढचं पान "तापमान"ने सुरू होणारं शोधायचं. मागच्या पानाची शाई उमटलेली असते, तीही कामाला येते. उलटी उमटलेली आकृती दिसली की त्या पानाच्या पाठीवर काय आहे ते कळतं.

टायपिंगला मेहुणा बसला. तो बी.एस्सी. केमिस्ट्री, म्हणजे दुकानातला विद्वान. त्याला काही पानांवर ΔU = Q + W दिसलं आणि काही पानांवर ΔU = Q − W. त्याने ठरवलं की मुलीने घाईत अधिकचं वजा केलंय, आणि सगळीकडे अधिक करून टाकलं. मुलीला सांगितलंही नाही. त्याचं म्हणणं, नीट करायला दिलंय ना, मग नीट केलं.

ती मुलगी प्रिंट घेऊन दोन दिवसांत परत आली. सूत्राखालचं गणित तिला जुळत नव्हतं. गणित साधं होतं. गॅसला १०० ज्यूल उष्णता दिली, गॅसने प्रसरण पावताना ४० ज्यूल कार्य केलं, तर आंतरिक ऊर्जा किती वाढली? वहीत १०० − ४० = ६० होतं. मेहुण्याने सूत्र बदललं, पण खालची ओळ जशीच्या तशी ठेवली. आता नव्या सूत्रात तेच आकडे घातले तर १४० येतात. ६० की १४०, आणि प्रीलिम तोंडावर.

मेहुण्याने केमिस्ट्रीचं पुस्तक काढून अधिकचं चिन्ह दाखवलं. मुलीने फिजिक्सचं पुस्तक काढून वजाचं दाखवलं. दोघंही बरोबर! फिजिक्समध्ये W म्हणजे गॅसने बाहेर केलेलं कार्य, ते अधिक धरतात, म्हणून १०० − ४०. केमिस्ट्रीत W म्हणजे गॅसवर झालेलं कार्य. गॅसने स्वतः ४० केलं तर W उणे ४०, म्हणून १०० + (−४०). उत्तर दोन्हीकडे ६०च. चिन्ह बदललं की W चा अर्थही बदलतो. तो न बदलता नुसतं चिन्ह हलवलं की घोळ झालाच.

मेहुणा अजून म्हणतो, "पानावर विषय लिहायला काय झालं होतं तिला?" अरे, विषय पानावर होता. कार्नो इंजिन, चक्र, P-V आलेखाखालचं क्षेत्रफळ आलं की ते फिजिक्स. ΔH, हेसचा नियम, किलोज्यूल प्रति मोल, आणि W = −PΔV असं उणे घेऊन आलेलं सूत्र दिसलं की केमिस्ट्री. वाचलं असतं तर कळलं असतं. मला यातलं ओ की ठो येत नव्हतं, मी बी.कॉम. म्हणूनच मी बसलो असतो तर वजाला हात लागला नसता. कळतंय असं वाटणाराच जास्त नुकसान करतो, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

तर तुमच्या कामाचं. "नेमकं काय नीट करू?" असं विचारू नका, "तुम्हीच बघा" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी एक पान करून पाठवा, आणि तेही पहिलं नको, कारण पहिलं पान सगळेच सुंदर लिहितात. खाडाखोड, बाण, समासात कोंबलेली वाक्यं असलेलं पान निवडा. ते बघून समोरचा आपोआप बोलायला लागतो, "हे बाण नकोत", "ती चांदणी ठेवा, सरांनी आयएमपी सांगितलंय".

मथळे, शुद्धलेखन, तक्ते, सुटलेले स्वल्पविराम हे बेधडक करा. चिन्ह, आकडा, एकक आणि सिद्धतेतल्या पायऱ्यांचा क्रम, यांना हात नको. शंका आली तर वहीत आहे तेच टाइप करून पिवळं करायचं, शेजारी स्कॅनचं पान लिहायचं. मी प्रत्येक मथळ्यापुढे बारीक अक्षरात "स्कॅन १४" असं घालतोच, म्हणजे पुढे क्रम बदलला तरी मूळ पान सापडतं. शंका सगळ्या शेवटी एका पानावर काढून द्या, मुलं ते पाचेक मिनिटांत निकाली काढतात.

आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या नोट्स असतील तर आकडे दोनदा बघा. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ५ इंग्रजी 4 सारखा. एकाच ओळीत दोन्ही लिप्या असतात. ओळखायचं कसं? उत्तर करून बघायचं. १२ ला 92 वाचलं तर खालची बेरीज जुळत नाही. ग्रीक ओमेगा आणि w चंही तसंच. वर्डमध्ये `Alt` + `=` दाबून समीकरणाच्या चौकटीत `\omega` टाइप करून स्पेस दिली की निदान आपल्या बाजूने गोंधळ राहत नाही. वजासाठी साधी संयोगरेषा टाकू नका, ओळ तिथे तुटते आणि वजा वरच्या ओळीच्या टोकाला लटकतो.

हे सगळं मुलांच्या स्वतःच्या नोट्सबद्दल. क्लासचे सर स्वतः छापायला देत असतील तर चुका त्यांना फोनवर विचारून दुरुस्त करा, ते त्यांना हवंच असतं. आणि दर आधी सांगा. क्रम लावायचे वेगळे, टायपिंगचे वेगळे. आमच्याकडे क्रम लावायचं काम आता मीच करतो, मेहुणा लॅमिनेशनला बसतो.