दोन हजार रोखले, व्याज एकवीसशेचं

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं. जूनचं बिल ४०,००० रुपयांचं होतं. त्यातला ५ जूनचा २,००० रुपयांचा व्यवहार मी केलेलाच नाही. मेसेज आला त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन केला, ‘बघतो’ म्हणाले. म्हणून ते दोन हजार वगळून ३८,००० रुपये शेवटच्या तारखेला, ३० जूनला भरले. जुलैच्या बिलात व्याज २,१२१.८६, लेट पेमेंट फी ६०० आणि जीएसटी ४८९.९३ लावलाय. ही सावकारी कायदेशीर आहे का? दोन्ही बिलं सोबत जोडली आहेत.

उत्तर : काही भाग कायदेशीर आहे, काही भाग नाही, आणि एका भागावर भांडता येईल. हे तीन वेगळे केल्याशिवाय तक्रार लिहू नका. सगळ्याला सरसकट ‘लूट’ म्हटलं की बँक तिच्या बाजूचा मुद्दा उचलून उत्तर देते आणि तुमच्या बाजूचे मुद्दे बाजूला पडतात.

आधी व्याज. बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. बिलातली थोडी जरी रक्कम मागे राहिली, तरी कार्डाच्या करारानुसार ती मुदत पूर्ण बिलासाठी जाते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. तुमच्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. रक्कम गुणिले दिवस गुणिले ०.४२ भागिले ३६५, असा हिशेब मांडून पाहा. १५ मेच्या २८,००० वर ४८ दिवसांचे १,५४६.५२ रुपये होतात, १ जूनच्या १०,००० वर ३१ दिवसांचे ३५६.७१. वादातल्या २,००० वर ५ जूनपासून १० जुलैपर्यंत ८०.५५. शिवाय २० जूनची ६,००० ची नवी खरेदी, तिच्यावरही २० दिवसांचे १३८.०८. बेरीज बरोबर २,१२१.८६ येते. म्हणजे बँकेने गणित चुकवलेलं नाही.

४२ टक्के दरच बेकायदा आहे, हा मुद्दा मात्र सोडून द्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. अजूनही लोक तो जुना निकाल एकमेकांना पाठवत असतात.

वरच्या हिशेबात ४८ आणि ३१ दिवस कुठून आले, हे तुमच्या लक्षात आलं का? तुम्ही ३० जूनला पैसे भरले, पण बिलातल्या जमेच्या ओळीवर तारीख २ जुलै आहे. बहुधा दुसऱ्या ॲपमधून भरले असावेत. लेट फीचं मूळ इथेच आहे, आणि ती फी टिकणारी नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच उशिराचा आकार लावता येतो, आणि हे दिवस बिलावरच्या शेवटच्या तारखेपासून मोजायचे. तुमचे पैसे बँकेच्याच नोंदीप्रमाणे दोन दिवसांत पोहोचले, आणि ३८,००० ही रक्कम किमान देय रकमेपेक्षा कितीतरी जास्त होती. तेव्हा ६०० रुपये परत मागा. त्यांच्यासोबत त्यांच्यावरचा १०८ रुपये जीएसटीही मागा. फी परत देऊन कर विसरायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच्या उताऱ्यात ३० जूनची तारीख असेल, तर ३८,००० वरचं दोन दिवसांचं ८७.४५ व्याजही मागून पाहा. हा हक्क लेट फीइतका पक्का नाही, पण मागायला हरकत नाही.

जीएसटीच्या ओळीचा एक उपयोग आहे. ती रक्कम ०.१८ ने भागली की कर नेमका कशाकशावर लावला ते कळतं. तुमच्या बाबतीत उत्तर सुमारे २,७२२ येतं, म्हणजे व्याज अधिक लेट फी. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो, त्यामुळे ते ठीक आहे. उत्तर यापेक्षा मोठं आलं असतं, तर कुठेतरी आणखी एखादी फी दडलेली आहे असं समजायचं.

आता खरा वाद, ते २,००० रुपये. ग्राहकाने फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर, तक्रार निकाली निघेपर्यंत, बँकेला कोणताही आकार लावता येत नाही. त्यामुळे ८०.५५ ची ओळ चुकीची आहेच. त्यापुढे जाऊन मी असंही म्हणेन की ही वादातली रक्कम वगळली तर तुमचं बिल पूर्ण भरलं गेलं होतं, मग बिनव्याजी मुदत गेली कशी? नियमात हे इतक्या शब्दांत लिहिलेलं नाही, बँक विरोध करील. पण युक्तिवाद भक्कम आहे.

तो कितपत उभा राहील हे एका गोष्टीवर ठरेल : तुमची तक्रार ‘फसवणूक’ म्हणून नोंदली गेली का? फोनवरच्या ‘बघतो’ला तक्रार क्रमांक नसतो. ५ जूनच्या कॉलची नोंद तुमच्या मोबाइलमधून आजच काढून ठेवा. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं. जबाबदारी ग्राहकाचीच होती हे सिद्ध करणंही बँकेवर येतं. पण त्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : कुठल्या ॲपची फुकट चाचणी घेऊन कार्ड जोडलं होतं का? बिलावर अनेकदा दुकानाऐवजी पेमेंट गेटवेचं नाव येतं. तसं निघालं तर ही फसवणूक नव्हे, विक्रेत्याशी वाद. तो चार्जबॅकने, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागून सुटतो, मात्र व्याजाचं वरचं संरक्षण त्याला मिळत नाही. खोटी फसवणूक लिहून दिलीत, तर बाकीची खरी तक्रारही बुडेल.

अर्जात तीनच मागण्या लिहा : व्यवहार फसवणुकीचा म्हणून नोंदवून २,००० जमा करा, ६०० अधिक १०८ परत करा, व्याज परत करा, आणि करणार नसाल तर कारण लेखी द्या. बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ईमेलने पाठवा. बिलावर आक्षेप घेतला की ३० दिवसांत खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा देणं बँकेवर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

तोवर रक्कम पुन्हा स्वतःहून कापू नका. बँकेने २,००० तात्पुरते जमा केले नाहीत, तर जुलैचं ११,२११.७९ चं पूर्ण बिल मुदतीत भरा आणि ‘आक्षेप कायम ठेवून भरत आहे’ असं ईमेलने कळवा. असं भरल्याने हक्क जात नाही, व्याज मात्र थांबतं. तरी ऑगस्टच्या बिलात १० जुलैपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं थोडं व्याज दिसेल, त्याने दचकू नका. त्या व्याजाचा हिशेब कोणत्या रकमेवर केलाय ते तेवढं तपासा. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला मनाई आहे. लेट फीचे ६०० आणि जीएसटीचे ४८९.९३ त्यात धरलेले दिसले, तर तक्रारीत चौथी मागणी वाढवा.