गाठी मोजू नका, चिरून बघा

प्रश्न: सोयाबीनच्या मुळांना भरपूर गाठी आहेत, तरी पीक पिवळं पडतंय. युरिया टाकू का?

गाठ चिरून बघितल्याशिवाय अजिबात टाकू नका.

आम्ही राहतो इंदूरला, रामबागेत. शेती सांवेरकडे, काळी जमीन. काकांचं एकच म्हणणं, "एक पोतं टाक, आठ दिवसांत हिरवंगार." एका वर्षी भांडून अर्धं शेत मी माझ्याकडे ठेवलं. त्यांचा अर्धा भाग खरंच आठवड्यात गर्द झाला आणि घरादाराचे टोमणे मी खाल्ले.

चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची झाडं कुदळीनं मातीसकट काढली. उपटायची नाहीत, गाठी जमिनीतच राहतात. बादलीत भिजवून मुळं धुतली. काकांकडे चार-दोन बारक्या गाठी, ब्लेडनं चिरल्या तर आत पांढरट-हिरवट. माझ्याकडे सोटमुळाशीच मिऱ्याएवढ्या, आतून लाल. बोटाला डाग लागला. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतलं नत्र पकडणारं एन्झाइम मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं, पण गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना श्वास तर घ्यायलाच हवा. म्हणून हा पदार्थ ऑक्सिजन अगदी मापात पोचवतो. पांढरी गाठ म्हणजे काम सुरूच नाही, हिरवी म्हणजे संपलं. तुमच्या "भरपूर" गाठी कुठल्या रंगाच्या, ते आधी सांगा.

युरियानं गाठी बंद का पडतात? मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट. आयतं नायट्रेट मिळाल्यावर झाड गाठींना साखर कशाला घालेल? ते हात आखडतं. पुढे श्रावणात तीन दिवस पाणी साचलं. हवा तुटली की काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात, आणि नत्र वायू होऊन उडून जातं. काकांचं पोतं असं आकाशात गेलं, शेत पिवळं पडलं. माझंही थोडं पडलं, कारण गाठीसुद्धा गुदमरतात. पण पाणी काढल्यावर सावरलं. उतारा दोघांचा सारखाच निघाला, फक्त पोत्याचे पैसे त्यांचेच गेले.

हो, एक राहिलं. नत्र कमी असेल तर आधी खालची पानं पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजा. पिवळे-हिरवे चट्टे असतील तर मोझॅक. या दोन्हींत गाठींचा दोष नाही. आणि बियाण्याला बुरशीनाशक आधी, रायझोबियमचं कल्चर सगळ्यात शेवटी, सावलीत लावून त्याच दिवशी पेरा, नाहीतर जिवाणू पिशवीतून निघून थेट मसणात.

पेरणीच्या वेळी हेक्टरी २०-२५ किलो नत्र मात्र मीही देते, कारण गाठी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. हे काकांना कळल्यापासून ते दर दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणतात, "शेवटी टाकतेसच ना!"

काका, पेरताना आणि उभ्या पिकात यात फरक आहे.