विश्रामबागच्या चहाच्या दुकानाचं ॲग्रीमेंट

अगं, तुझा मेसेज काल रात्री बघितला आणि फ्रँचायझी ॲग्रीमेंटची पीडीएफ पण उघडली, 42 पानं, तीही बारीक टाईपात. पार्टी कोण तर सांगलीच्या विश्रामबागेत चहा-नाश्त्याचं दुकान टाकणारा पोरगा, वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे घालतोय, आणि तुला विचारतोय "मॅडम सही करू का". तू पहिल्या पानापासून खुणा करत गेलीयेस, डेफिनिशनला पिवळा हायलायटर मारलायस, छान, पण मी असलं ॲग्रीमेंट मागून वाचतो. दुकान चौदाव्या महिन्यात बंद पडलं असं धरायचं आणि त्या दिवशी पोरग्याला किती रुपये द्यावे लागतात ते कागदावर मांडायचं.

तुझ्या ड्राफ्टमध्ये लॉक-इन 36 महिन्यांचा आहे आणि मिनिमम रॉयल्टी महिन्याला 15,000. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांची मिनिमम रॉयल्टी "लिक्विडेटेड डॅमेजेस" म्हणून द्यायची. 14 महिने चाललं म्हणजे 22 उरले, 22 गुणिले 15,000 म्हणजे 3,30,000. फ्रँचायझी फी 4 लाख आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 72,000, ते नॉन-रिफंडेबल, ते गेलेच. आणि कंपनीला मात्र 30 दिवसांच्या नोटिसीवर, कारण न देता, कधीही काढता येतं! हे दोन क्लॉज समोरासमोर ठेवून त्या पोराला दाखव, बाकी 40 पानं समजावायची गरजच पडणार नाही.

आता तू म्हणशील, सर, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 74 आहे ना, कोर्ट वाजवी नुकसानभरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. बरोबर आहे, कैलाशनाथ केसमध्ये 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते नीट मांडलंय. पण ते सांगायला जाणार कुठं? वाद कोर्टाऐवजी आर्बिट्रेशनमध्ये न्यायचा आणि त्याची सीट गुरुग्राम लिहिलीये. आर्बिट्रेटर एकटी कंपनी नेमणार असंही लिहिलंय, ते सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या पर्किन्स केसनंतर टिकत नाही, पण तेवढं म्हणायला पण वकील लावावा लागतो आणि सांगलीहून जाऊन येऊन दोन तारखांत पोरगा थकेल. त्यात शेड्यूलमध्ये सिक्युरिटी म्हणून 3 सही केलेले कोरे चेक मागितलेत, ते तू सोडून गेलीस! चेक भरून टाकला आणि बाऊन्स झाला की कलम 138 ची फौजदारी केस लागते, मग "मी कोरा दिला होता" हे म्हणून भागत नाही, सही कबूल असली की देणं आहे असंच गृहीत धरतात आणि ते खोडायची जबाबदारी आपली. चेक द्यायचेच तर रक्कम भरून, कशासाठी दिले ते ॲग्रीमेंटमध्ये नंबरासकट लिहून.

टेरिटरीत मी स्वतः मार खाल्लेला आहे म्हणून जरा लांबण लावतो. मिरजेतली एक पार्टी होती, 2 किलोमीटर एक्सक्लुझिव्ह असं स्वच्छ लिहिलेलं, मी वाचलं, ओके म्हणालो. सात महिन्यांनी त्याच कंपनीने आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर एका दवाखान्याच्या आवारात किऑस्क टाकला. नोटीस काढली तर उत्तर आलं, डेफिनिशनमध्ये "आउटलेट" म्हणजे स्वतंत्र दुकान, किऑस्क, स्टेशन, एसटी स्टँड, कॉलेज-हॉस्पिटलचं आवार हे सगळं त्यातून वगळलेलं. वाक्य तिथंच होतं, पान 4 वर, आणि मी टेरिटरीचा क्लॉज पान 11 वर वाचला होता. पार्टीने मला काही बोललं नाही, पण पुढचं काम दुसऱ्या वकिलाकडं गेलं.

तुझ्या ड्राफ्टात तेच वाक्य आहे. आणि विश्रामबागेत काय आहे? विलिंग्डन आणि वालचंद! पोरांच्या गर्दीवर दुकान चालणार आणि कॉलेजचं आवारच वगळलेलं, मग एक्सक्लुझिव्ह एरिया राहिला तरी काय. शिवाय त्रिज्या कुठून मोजायची ते नाही, हवाई अंतर की रस्त्याने ते नाही. नकाशा जोडायला सांग, चारी बाजूंचे रस्ते नावानिशी लिही, आणि डिलिव्हरी ॲप आणि क्लाउड किचन यांचा उल्लेख स्पष्ट करून घे, नाहीतर कुपवाडमधलं किचन आपल्याच गल्लीत चहा पोचवेल आणि तेही कायद्यानं बरोबर असेल. सेल्सवाल्याने व्हॉट्सॲपवर "मिरजेपर्यंत तुमचाच एरिया" लिहिलंय म्हणे, तू म्हणालीस. ॲग्रीमेंटमध्ये "हाच संपूर्ण करार" असं कलम आहे, त्यामुळे त्या मेसेजवर विसंबून राहायचं नाही, शेड्यूलमध्ये आलं तरच खरं.

आणि एवढं करूनही एक गोष्ट लोक विसरतात, टेरिटरी मोडली तर पुढं काय? नुसतं "मोडणार नाही" लिहून उपयोग नाही. लिहून घ्यायचं की एरियात दुसरं काही उघडलं तर त्या दिवसापासून मिनिमम रॉयल्टी बंद, आणि फ्रँचायझीला 60 दिवसांत लॉक-इन न लागता, डॅमेजेस न देता बाहेर पडता येईल, डिपॉझिट परत. माझ्या मते या ड्राफ्टात मागायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, बाकी एखादी सोडावी लागली तरी चालेल.

फी बघताना टक्क्यांपेक्षा "सेल" या शब्दाकडं बघ. रॉयल्टी 6 आणि मार्केटिंग 2, असे 8 टक्के ग्रॉस सेलवर, आणि ग्रॉसमध्ये ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी धरलाय. समजा महिन्याचा धंदा 3,00,000, वर 5 टक्के जीएसटी 15,000. रॉयल्टी 3,15,000 वर लागली तर 25,200, त्यावर 18 टक्के, म्हणजे 29,736. नुसत्या 3 लाखावर लागली तर 28,320. फरक 1,416, वर्षाला 17 हजाराच्या आसपास, सरकारला भरायच्या पैशावर कंपनीचा वाटा! आणि 5 टक्केवाल्या हॉटेलला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे रॉयल्टीवरचा जीएसटी खर्चातच जातो, पोरग्याने तो हिशोबात धरलेलाच नाहीये. ॲपने 100 च्या बिलातले 25 कापले तरी रॉयल्टी 100 वरच, ते पण बदलून माग. दूध सोडून सगळा माल कंपनीकडूनच घ्यायचा आहे आणि दर "वेळोवेळी ठरवू", तिथं वर्षाला जास्तीत जास्त किती वाढ ते घाल.

बंद झाल्यावर 2 वर्षं चहाचा धंदा करायचा नाही, हे वाचून पोरगा घाबरलाय असं दिसतंय. करार चालू असताना दुसरा चहा विकायला बंदी चालते, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला, 1995. संपल्यानंतरची बंदी कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 पुढं सहसा टिकत नाही, फक्त बोर्ड, कप, रेसिपी त्यांची वापरायची नाही. यावर भांडत बसू नको.

कंपनी मूळ ड्राफ्टला हात लावू देत नाही म्हणेल, सगळेच म्हणतात. तू वेगळं ॲडेंडम बनव, दीड पानाचं, आणि वर एक ओळ की दोन्हीत फरक पडला तर ॲडेंडम चालेल, आणि त्यावर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही, सेल्सवाल्याची नाही. गाळ्याचा करार पण मागव, तो 5 वर्षांचा असेल आणि मालकाचा लॉक-इन वेगळा असेल तर माझे 3,30,000 चुकीचे आहेत, आकडा अजून वाढेल. शनिवारी कोर्टाकडं येणार असशील तर दोन्ही घेऊन ये, पोराला पण आण, त्याच्या वडिलांना जास्त करून.